ओढ्याच्या दहा नोंदी आणि सोळा तासांचं पाणी

काकांच्या वहीत दहाच ओळी होत्या. डावीकडे वेळ, उजवीकडे पट्टीवरचे सेंटिमीटर. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात त्यांचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे आणि वरच्या डोंगरातून येणारा छोटा ओढा पोफळींच्या कडेने खाली उतरतो. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, ओढा तास-दोन तास फुगतो आणि रात्रभर ओसरत राहतो. ते पाणी अडवून तळं करायचं काकांच्या मनात होतं. तळं किती मोठं काढायचं, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी एका पावसात एकूण किती पाणी वाहून जातं ते हवं होतं. मी फोंड्याला कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून वही माझ्याकडे आली.

मोजायची सोय चांगली होती. ओढ्यात आडवा चिऱ्यांचा छोटा बांध, त्याच्या मधोमध पत्र्याची फळी आणि फळीत व्ही आकाराची काटकोनी खाच. सगळं पाणी खाचेतूनच पडतं. खाचेच्या टोकापासून वरचं पाणी किती उंच आहे ते कळलं की प्रवाह निघतो. नव्वद अंशांच्या खाचेसाठी नेहमी वापरतात ते सूत्र असं आहे, Q घनमीटर प्रतिसेकंदात आणि H मीटरमध्ये:

```
Q = 1.38 × H^2.5
```

उंची मोजायची पट्टी फळीवरच ठोकली तर आकडा कमी येतो, कारण खाचेजवळ पाणी खाली झुकतं. ती उंचीच्या किमान चौपट मागे लागते. काकांनी खांब जवळजवळ मीटरभर मागे रोवला होता आणि पट्टीचा शून्य खाचेच्या टोकाशी लेव्हल ट्यूबने जुळवला होता. मी तिथे गेलो तेव्हा पाऊस नव्हता आणि पट्टी आठ सेंटिमीटर दाखवत होती. सूत्राप्रमाणे ते सेकंदाला अडीच लिटर. खाचेखाली वीस लिटरची बादली धरली आणि मोबाइलवर वेळ लावला. आठ सेकंदांत बादली काठोकाठ. निदान खालच्या टोकाला तरी सूत्रावर भरवसा ठेवायला हरकत नव्हती.

त्या पावसाच्या नोंदी अशा होत्या. प्रवाहाचा रकाना मी सूत्राने भरला आहे.

| वेळ | उंची (सेंमी) | प्रवाह (लिटर प्रतिसेकंद) |
|---|---|---|
| दुपारी २:०० | ८ | २.५ |
| ३:३० | ८ | २.५ |
| ४:०० | १४ | १०.१ |
| ४:१५ | २० | २४.७ |
| ४:३० | २४ | ३८.९ |
| ५:०० | २२ | ३१.३ |
| संध्याकाळी ६:०० | १८ | १९.० |
| ८:०० | १४ | १०.१ |
| रात्री ११:०० | ११ | ५.५ |
| सकाळी ६:०० | ९ | ३.४ |

नोंदी कशा घेतल्या गेल्या ते यातून दिसतंच. पाऊस कोसळायला लागल्यावर काका छत्री घेऊन बांधावरच उभे होते, म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांनी आकडे. नंतर घरी आले, जेवले, झोपले. अकराचा आकडा काकींचा. गोठ्याचं दार लावायला गेल्या होत्या, तेव्हा बॅटरी मारून पट्टी बघून आल्या.

काकांनी स्वतः हिशोब केला होता. दहाही प्रवाहांची बेरीज १४८, सरासरी १४.८, वेळ सोळा तास. गुणाकार करून ८,५२,००० लिटर. एवढं पाणी मावायचं तर तळ्यासाठी अर्ध्या पोफळी काढाव्या लागल्या असत्या.

या सरासरीत गडबड कुठे आहे ते समजलं की पुढची रीत आपोआप सुचते. दहा नोंदींची साधी सरासरी घेऊन सोळा तासांनी गुणलं की प्रत्येक नोंदीला गुपचूप १.६ तास वाटून दिले जातात. चार ते सहा या वेळात पाच नोंदी आहेत. त्यांच्या वाट्याला आठ तास येतात. प्रत्यक्षात ते दोनच तास होते आणि नेमके सगळ्यात जोराच्या प्रवाहाचे. उलट रात्री अकरा ते सकाळी सहा हे सात तास जवळजवळ बेदखल. नोंदी समान अंतराने घेतल्या असत्या तर सरासरीने काम भागलं असतं. इथे जिथे पाणी जास्त तिथेच नोंदी जास्त, म्हणून उत्तर फुगणारच होतं.

आपल्याला हवं आहे ते प्रवाहाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, दुपारी दोनपासून सकाळी सहापर्यंतचं इंटिग्रल. मधला आलेख माहीत नाही, फक्त दहा बिंदू माहीत आहेत. शेजारचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की खाली समलंब चौकोन तयार होतो. त्याच्या दोन समांतर बाजू म्हणजे दोन प्रवाह, आणि रुंदी म्हणजे मधला वेळ. आलेखाखालच्या अशा एका उभ्या पट्टीचं क्षेत्रफळ म्हणजे दोन प्रवाहांची सरासरी गुणिले त्या पट्टीची स्वतःची रुंदी. अंतरं असमान असताना सगळी मेख या ‘स्वतःची’मध्ये आहे. पाठ्यपुस्तकात सगळ्या पट्ट्यांची समान रुंदी h एकदाच बाहेर काढून कंसात पहिला, शेवटचा आणि मधल्यांची दुप्पट असं सूत्र देतात. ते सूत्र इथे चालत नाही. विद्यार्थी नेमकं तेच पाठ करून येतात, म्हणून मी हल्ली वर्गात पट्ट्यांपासूनच सुरुवात करतो.

वहीच्या मागच्या पानावर मी एकेक पट्टी मांडली, वेळ तासांत धरून.

```
1.50 × ( 2.5 +  2.5)/2 =  3.75
0.50 × ( 2.5 + 10.1)/2 =  3.15
0.25 × (10.1 + 24.7)/2 =  4.35
0.25 × (24.7 + 38.9)/2 =  7.95
0.50 × (38.9 + 31.3)/2 = 17.55
1.00 × (31.3 + 19.0)/2 = 25.15
2.00 × (19.0 + 10.1)/2 = 29.10
3.00 × (10.1 +  5.5)/2 = 23.40
7.00 × ( 5.5 +  3.4)/2 = 31.15
                 बेरीज  145.55
```

हे आकडे सेकंदाला लिटर गुणिले तास अशा विचित्र एककात आहेत. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणून १४५.५५ ला ३,६०० ने गुणायचं. ५,२३,९८० लिटर. शेवटच्या आकड्यांना काही अर्थ नाही, सव्वापाच लाख म्हणू. काकांच्या आकड्यापेक्षा सव्वातीन लाखांनी कमी.

काका पट्ट्यांवरून बोट फिरवत होते. शेवटच्या पट्टीवर थांबून म्हणाले, “अरे, रात्री तर ओढा नुसता झुळझुळत होता. तिथे सगळ्यात जास्त पाणी कसं?” बरोबर जागी थांबले होते. प्रवाह बारीक, पण सात तास. साडेचार ते पाचच्या लोंढ्याने जेवढं पाणी नेलं, त्याच्या पावणेदोन पटींहून जास्त त्या झुळझुळीने नेलं.

तीच बेरीज दुसऱ्या बाजूने बघितली तर आणखी मजेशीर गोष्ट दिसते. प्रत्येक मधली नोंद दोन पट्ट्यांत येते, म्हणजे तिचं वजन तिच्या मागच्या आणि पुढच्या अंतराच्या बेरजेचं निम्मं. साडेचारच्या नोंदीचं वजन ०.३७५ तास. काकींच्या अकराच्या नोंदीचं वजन तीन अधिक सात भागिले दोन, पाच तास. सकाळी सहाची टोकाची नोंद आहे, तिला एकाच बाजूचे साडेतीन तास. सोळापैकी साडेआठ तासांचा भार या दोन नोंदींवर.

मग चुकीची किंमत काढली. साडेचारला काकांनी २४ ऐवजी २५ वाचलं असतं तर प्रवाह ४.२ लिटरने वाढला असता, आणि एकूण उत्तरात फरक पडला असता साधारण ५,७०० लिटरचा. अकराला काकींनी ११ ऐवजी १२ वाचलं असतं तर प्रवाहात फरक १.३ लिटरच, पण एकूणात सुमारे २४,००० लिटर. चौपटीहून जास्त. धो-धो पावसात भिजत घेतलेल्या आकड्यापेक्षा गोठ्याच्या वाटेवर सहज बघितलेला आकडा जास्त जपून घ्यायला हवा होता. काकी हे ऐकत होत्या. म्हणाल्या, “मी वाकून बघितलं होतं हो, अकराच होते.” पट्टीपर्यंत न वाकता वरून तिरकं बघितलं तर सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतो, त्यामुळे ही माहिती मला खरोखर हवी होती. त्याहून मोठा धोका खाचेत अडकणाऱ्या पानाचा. पोफळीचं सुकलं पान खाचेत आडवं बसलं की मागचं पाणी चढतं, पट्टी जास्त दाखवते आणि प्रवाह मात्र तेवढाच असतो. रात्रीच्या लांब पट्टीत असं झालं तर सगळं उत्तर बिघडतं. म्हणून आता नियम आहे: आधी खाच साफ, मग पाच मिनिटं थांबायचं, मग वाचायचं.

सरासरी उंचीची काढावी का प्रवाहाची, हाही मुद्दा निघाला, कारण वहीत उंचीच लिहिलेली असते आणि सूत्र एकदाच वापरायचा मोह होतो. वेळेचं योग्य वजन देऊन उंचीची सरासरी काढली तर ती १२.४ सेंटिमीटर येते, आणि त्या उंचीचा प्रवाह सोळा तासांनी गुणला तर ४,३०,००० लिटरच्या आसपास. जवळजवळ अठरा टक्के कमी. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो, म्हणून उंच पाण्याचा थोडा वेळही फार पाणी वाहून नेतो, आणि उंचीची सरासरी ते झाकून टाकते. आधी प्रत्येक ओळीचा प्रवाह, मग समलंब. क्रम उलटा चालत नाही.

आता सव्वापाच लाख कितपत खरं? ओसरत्या ओढ्याचा आलेख आधी झपकन आणि मग हळूहळू खाली येतो, पोट खाली सोडलेल्या दोरीसारखा. त्यावर दोन बिंदू जोडणारी सरळ रेषा नेहमी वरूनच जाते. म्हणजे संध्याकाळी सहानंतरच्या तिन्ही पट्ट्या थोड्या थोड्या जास्तच भरणार, एकीची चूक दुसरीत फिटणार नाही. एका पट्टीची चूक साधारण रुंदीच्या घनाला बाराने भागून आलेखाच्या वाकाने गुणल्याइतकी असते. वाक तेवढाच असेल तर रुंदी दुप्पट झाल्यावर चूक आठपट. रात्रीची पट्टी सात तासांची असूनही फार चुकत नाही ती केवळ तोवर आलेख जवळजवळ सरळ झालेला असतो म्हणून.

खरा आलेख माहीत नसताना चूक मोजायची एक साधी युक्ती मी नेहमी वापरतो. असलेली एक नोंद मुद्दाम झाकायची आणि उत्तर किती हलतं ते बघायचं. अकराची नोंद झाकली तर रात्री आठ ते सकाळी सहा अशी दहा तासांची एकच पट्टी होते: १० गुणिले १०.१ आणि ३.४ यांची सरासरी, म्हणजे ६७.५. आधी त्याच वेळाचे दोन पट्ट्यांत ५४.५५ आले होते. फरक जवळजवळ १३, लिटरमध्ये ४६,६००. एकूण उत्तराच्या नऊ टक्के. आठची नोंद झाकली तर फरक ३१,५०० लिटर, सहा टक्के. दोन्ही वेळा उत्तर वरच गेलं, म्हणजे रेषा आलेखाच्या वरून जाते हा अंदाज बरोबर. पट्ट्या निम्म्या केल्या की चूक ढोबळमानाने पाव होते. त्यामुळे नोंदी जागेवर असताना उरलेली चूक या फरकांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धरता येते, तीही जास्तीच्या बाजूला. मी वहीत लिहिलं: सव्वापाच लाख, खरं बहुधा पाच लाखांच्या जवळ.

चढत्या बाजूला गोष्ट वेगळी होती. साडेतीन ते चार या पट्टीत रेषा साडेतीनपासूनच चढायला लागते, पण काकांना नक्की आठवत होतं की पाऊस चारला वीस मिनिटं कमी असताना सुरू झाला. तोवर ओढा अडीचवरच असणार. मग ३:४० ला अडीच हा बिंदू तक्त्यात घालायला काय हरकत? मोजलेला नसला तरी माहीत असलेला आहे. त्याने उत्तर दोन-सव्वादोन हजार लिटरने खाली आलं. माथ्याचंही तसंच. सर्वांत उंच पाणी साडेचारलाच आलं असेल असं नाही. खांबाशेजारी भोकं पाडलेल्या पाइपात काकांनी खडू घासलेली काठी उभी केली होती, आणि तिच्यावरचा खडू २५ सेंटिमीटरपर्यंत धुतला गेला होता. माथा चारचाळीसला धरला तर उत्तर सहा हजार लिटरने वाढतं, जेमतेम एक टक्का. वेळ दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी फारसं बिघडत नाही. माथा चुकला म्हणून जीव टाकण्यासारखं काही नव्हतं.

सिंप्सनची रीत का नाही, असं कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने नंतर विचारलं. तिचं नेहमीचं सूत्र समान अंतर मागतं आणि पट्ट्यांची संख्या सम. असमान अंतरांसाठी ती बदलून घेता येते, पण तीन बिंदूंतून पॅराबोला काढायचा आणि त्यातलं एक अंतर तीन तास, दुसरं सात तास, असं असलं की तो कुठेही झोके घेऊ शकतो. साडेतीनला ओढा सपाट आणि चारला चढता, तिथे तर तो शून्याच्या दिशेनेही डोकावेल. अशा तक्त्याला सरळ रेषाच बरी.

पुढच्या पावसांसाठी चुलतभावाच्या लॅपटॉपवर तक्ता करून दिला. A रकान्यात वेळ, C मध्ये प्रवाह, आणि एकाच खान्यात हे:

```
=SUMPRODUCT(A3:A11-A2:A10, (C2:C10+C3:C11)/2)*86400
```

तक्त्यातली वेळ दिवसाच्या अपूर्णांकात असते, म्हणून शेवटी ८६,४०० सेकंदांचा गुणाकार. एक काळजी मात्र घ्यावीच लागते: वेळेबरोबर तारीखही लिहायची. नुसतं 23:00 आणि खाली 06:00 लिहिलं तर तक्ता ती पट्टी उणे सतरा तासांची धरतो आणि मुकाट्याने १,३९,५०० लिटर दाखवतो. एरर वगैरे काही येत नाही. रुंद्यांची बेरीज वेगळ्या खान्यात काढून ती सोळा तास येते का ते बघितलं की लगेच पकडता येतं.

तळ्याचा आकार शेवटी या पाच लाखांवरही ठरला नाही. ओढ्यातून तळ्याकडे जो पाइप जाणार तो सेकंदाला दहा लिटरच घेऊ शकणार होता. वरचं पाणी बांधावरून निघून जाणार. म्हणजे आता क्षेत्रफळ हवं ते आलेखाचं, पण दहाच्या रेघेवर छाटलेल्या. नशिबाने चारला आणि आठला प्रवाह १०.१ म्हणजे जवळजवळ दहाच होता, त्यामुळे छेदबिंदू शोधत बसावं लागलं नाही. चार ते आठ सरळ चार तास गुणिले दहा, चाळीस. बाकीच्या चार पट्ट्या जशाच्या तशा, ६१.४५. एकूण १०१.४५, म्हणजे ३,६५,००० लिटर. त्यातून खालच्या कुळागरांसाठी अडीच लिटर सतत सोडायचं, सोळा तासांचे चाळीस वजा. उरतात २,२१,००० लिटर. पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्ड्यात ते मावतं.

काकांनी छाटलेला आलेख उलटसुलट करून बघितला. “म्हणजे चार ते आठच्या मधले सगळे आकडे गेले?” गेले होते. सव्वाचार, साडेचार, पाच, सहा, चारही नोंदी त्या रेघेच्या वर होत्या, आणि त्यांची जागा आता दहाने घेतली होती. उरलेल्या हिशोबात सगळ्यात मोठी पट्टी पुन्हा अकरा ते सहाचीच, ३१.१५. तिथे मध्ये एक नोंद घातली तरच आकडा आणखी पक्का होणार होता. पुढच्या पावसाला पहाटे तीनला बॅटरी घेऊन बांधावर कोण जाणार, यावर मग काका आणि काकींची बोलणी सुरू झाली.